पोचते की पोचत नाही

आमच्या शाळेत चलनकलन मराठीतून शिकवलं जायचं, असं आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे. मी ते शिकवत होते, आणि ज्या पुस्तकातून शिकवत होते ते माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं जात होतं.

शाळा अलिबाग आणि मुरुडच्या मधल्या किनाऱ्यावर, एका सुपारीच्या वाडीत होती. सरकारी शाळा सोडा, मुलांना सगळं आपल्या भाषेत शिकवा, अशा भरात निघालेली ती राष्ट्रीय शाळा. मी तिथे गेले तेव्हा तो भर ओसरला होता. निम्म्या चालकांनी आपली मुलं गुपचूप अलिबागच्या इंग्रजी शाळेत घातली होती आणि सभेला मात्र ते खादी घालून येत. नवरा गेल्यावर मी पुण्याला बायकांच्या विद्यालयात शिकले होते. तिथे गणितसुद्धा मराठीतून ऐकलं होतं, तेवढ्या भांडवलावर मला इथे बोलावणं आलं. माझा भाऊ म्हणाला, समुद्राची हवा तुला मानवेल. हवा मानवली, बाकीचं कठीण गेलं.

थोरले मास्तर मुंबईला इंग्रजीतून गणित शिकलेले. सरकारी नोकरीवर लाथ मारून आलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सकाळी स्नानसंध्या, मग शाळा, आणि उरलेला सगळा वेळ पुस्तक. मॅट्रिकच्या पुढचं गणित मराठीतून शिकता यावं म्हणून ते चलनकलनाचं पुस्तक लिहीत होते. एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी कशी बदलते, याचं हे गणित. चौरस चौकोनाची बाजू वाढली की क्षेत्रफळ वाढतं, तसं. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं, आणि हे मी दयेनं नाही, कौतुकानं सांगते आहे.

आमची काम करायची एक रीत होती. दर रविवारी मास्तर नवीन लिहिलेलं पान मला मोठ्यानं वाचून दाखवत. मी नुसतं ऐकायचं, कागद बघायचा नाही. ऐकून समजलं तर पान पास. न समजलं तर भांडण. मास्तरांचा नियम होता, "छापू ते बोलायचं आणि बोलू ते छापायचं." वर्गात एक शब्द आणि पुस्तकात दुसरा, असं झालं की मुलगा मधल्या मध्ये बुडतो, असं ते म्हणत. तो नियम मला अजूनही बरोबर वाटतो.

भांडणं शब्दांवरूनच व्हायची. बदलणारी राशी ज्या ठरलेल्या राशीच्या हवी तितकी जवळ जाते, तिला काय म्हणायचं? मी पुण्याला सीमा म्हणायला शिकले होते. मास्तर म्हणाले, "सीमा शेताला असते. मर्यादा म्हणा."

मी म्हटलं, "मास्तर, मर्यादा म्हटली की ती ओलांडायची नसते. कुठल्याही बाईला विचारा."

ते हसले, पण मर्यादा कायम राहिली. 'समीपगमन करते' हा त्यांचा शब्द मात्र मी हाणून पाडला. असं कुणी बोलतं का, म्हणून हट्ट धरला आणि साधं 'जवळ जाते' लिहायला लावलं. पुढे त्यांनी 'सतत' लिहिलं तेव्हाही मी अडून बसले. सतत हा वेळेचा शब्द, पाऊस सतत पडतो. न तुटणारी रेघ अखंड असते. ते मानलं गेलं. मला वाटत होतं, मी एकामागून एक लढाया जिंकते आहे.

छापखाना अलिबागला होता, आणि छोटा होता. जोडाक्षरांचे खिळे थोडे. त्यामुळे एक फर्मा, म्हणजे एका तावावरची पानं, जुळवायचा, छापायचा, लगेच खिळे सोडायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचा फर्मा जुळवायचा. छापून झालेल्या पानात पुन्हा हात घालायची सोय नव्हती. मास्तर तयार झालेली पानं एकेक फर्मा करत बैलगाडीनं आणवत आणि आपल्या खोलीत माळ्यावर रचून ठेवत. वर्गात आम्ही ती सुटी पानं वापरायचो.

आता वर्गाविषयी. वरच्या वर्गात सुरुवातीला एक बाक भरत असे. मग एक मुंबईला गिरणीत कारकून झाला, एकाला मामानं बडोद्याला नेलं, कुणाचं लग्न झालं. शेवटी एकच विद्यार्थी उरला. कोळीवाड्यातला. त्याच्या बापानं चळवळीच्या दिवसांत कुणाचं तरी भाषण ऐकून त्याला आमच्या शाळेत घातलं होतं, आणि बाप वारल्यावरही तो येत राहिला. आता चांगला मिसरूड फुटलेला तरुण होता. सुट्टीच्या दिवसांत चुलत्याच्या मचव्यावर मासेमारीला जायचा. बोलायचा थोडं, पण कळलं नाही तर कळलं नाही म्हणून सांगायचा, आणि शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

चालकांनी त्या वर्षी स्पष्ट सांगून टाकलं. पुण्याहून परीक्षक येतील. हा मुलगा पास झाला तर वरचा वर्ग चालू राहील, आणि याला खालच्या वर्गांवर शिक्षक म्हणून घेऊ. नापास झाला तर वर्ग बंद, शाळा अलिबागच्या धर्तीवर. त्याच्या चुलत्यानंही तसंच सांगितलं होतं. पास झाला तर मास्तर हो, नाहीतर मचव्यावर ये, दोन्हीकडे पाय नको. सगळं एका माणसाच्या एका परीक्षेवर येऊन बसलं.

मर्यादेचं प्रकरण त्याला छान समजलं होतं. मास्तरांनी उदाहरण घेतलं होतं गुळाच्या ढेपेचं. रोज निम्मी ढेप खायची. आज निम्मी उरली, उद्या पाव, परवा त्याच्या निम्मी. उरलेला गूळ शून्याच्या जवळ जातो, पण शून्य कधी होत नाही. आणि त्यावर मास्तरांची व्याख्या: 'चल राशी ज्या स्थिर राशीच्या हवी तितकी जवळ जाते परंतु जिला कधीही पोचत नाही, ती स्थिर राशी म्हणजे त्या चल राशीची मर्यादा.' रविवारी हे पान ऐकलं तेव्हा मीही मान डोलावली होती. कानाला गोड लागलं, गुळासारखं. पान पास झालं, छापलं गेलं, खिळे सुटले.

मग आम्ही अखंडतेच्या प्रकरणाला आलो. मी फळ्यावर चौरस चौकोन काढला. बाजू दोनच्या जवळ न्यायची, दोनवर ठेवायची नाही. एक पूर्णांक नऊ दशांश, मग एक पूर्णांक नव्व्याण्णव शतांश. पलीकडूनही, दोनहून थोडी जास्त घेऊन. क्षेत्रफळ कशाच्या जवळ जातं? चार. आता बाजू नेमकी दोन ठेवा. क्षेत्रफळ किती? चारच. मर्यादाही चार आणि तिथलं मूल्यही चार. दोन्ही जुळली, म्हणजे क्षेत्रफळ तिथे अखंड आहे. उलट टपालाचा दर बघ, मी म्हटलं. ठरावीक वजनापर्यंत एक दर आणि त्याच्या केसभर पुढे एकदम वरचा. खालून येताना एक आकडा, वरून येताना दुसरा. तिथे अखंडता तुटली.

तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, टपालाचं समजलं. चौकोनाचं न्हाय."

"काय न्हाय?"

"पुस्तकात लिवलंय, मर्यादेला कधीच पोचत न्हाय. मग क्षेत्रफळ चार झालं कसं? न्हाय तर चार त्याची मर्यादा न्हाय."

मी उत्तर द्यायला फळ्याकडे वळले आणि खडू खाली ठेवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पोचायचं नाही हा नियम चौकोनाच्या बाजूसाठी होता, कारण आपण तिला दोनवर ठेवत नाही. क्षेत्रफळाला तशी बंदी कुणीच घातली नव्हती. ते चारला पोचेल, ओलांडेल, परत येईल. अट एकच, कितीही बारीक अंतर सांगा, बाजू दोनच्या पुरेशी जवळ नेली की क्षेत्रफळ चारपासून त्या अंतराच्या आत आलं पाहिजे आणि आतच राहिलं पाहिजे. पण आमच्या पुस्तकात दोन्हीला एकच 'जवळ जाते' होतं आणि दोन्हीच्या मागे 'कधीही पोचत नाही' लावलेलं होतं. आम्ही एकेक पान कानानं पारखत बसलो होतो. पहिलं प्रकरण तिसऱ्या प्रकरणासमोर ठेवून कुणी वाचलंच नव्हतं.

मी त्याला बाहेर नेलं. वाडीत विहिरीचं काम चालू होतं, गवंड्याचा ओळंबा दोरीनं टांगलेला होता. तो एका बाजूला ओढून सोडला. ओळंबा इकडून तिकडे, पुन्हा इकडे. दर खेपेला मधली रेघ ओलांडतो, पण झोका कमी कमी होत त्याच रेघेवर येतो.

"ती रेघ त्याची मर्यादा आहे का?"

"व्हय."

"ओलांडली का?"

"दरवेळी." मग तो हसला. "म्हणजे गुळाची गोष्ट फक्त गुळापुरती."

त्याला समजलं होतं. इतक्या स्वच्छपणे समजलं होतं की मला रडू येईल असं वाटलं, आनंदानं नव्हे, भीतीनं. कारण पुस्तक माळ्यावर छापून पडलं होतं.

त्याच दुपारी मी मास्तरांकडे गेले. ते ओसरीवर बसून पुढच्या प्रकरणाची मुद्रितं तपासत होते. मी सगळं सांगितलं. ओळंबाही सांगितला. म्हटलं, "'परंतु जिला कधीही पोचत नाही' एवढं काढा. शुद्धिपत्र छापा, चिठ्ठी चिकटवा, काहीही करा. आणि चौकोनाच्या बाजूसाठी आपण 'नेतो' म्हणू, क्षेत्रफळ 'येतं' म्हणू. दोघांना दोन शब्द."

मास्तरांनी मुद्रितं मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी मला ही व्याख्या याच शब्दांत सांगितली होती. इंग्रजी पुस्तकांतही होती."

"असेल. पण ती तुमच्याच तिसऱ्या प्रकरणाशी भांडते आहे."

"परीक्षकांसमोर हे पुस्तक जायचं आहे, बाई. पहिल्याच पानावर चिठ्ठी डकवलेली? मराठीत गणित होत नाही असं म्हणायला बसलेच आहेत लोक. त्यांच्या हातात कोलीत देऊ?" आणि मग हळूच, "परीक्षा होऊ दे. मग बघू. तोवर वर्गात तुम्ही पुस्तकासारखंच बोला. आपला नियम आहे."

मी तावातावानं म्हटलं, "तुमच्यासारखं बोलले तर त्याला अखंडता कधीच समजणार नाही." आणि उठून आले. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वर्गात मी त्याला खरं तेच शिकवलं आणि वर सांगितलं, पुस्तकात असं आहे, ते ध्यानात ठेव, पण समजायचं असं. त्यानं मान हलवली. रात्री झोप लागायची नाही. जेवण जायचं नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळायचा, परीक्षकानं विचारलं तर हा कुठलं उत्तर देईल? मी त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "बघू बाई. काय विचारतात त्याच्यावर हाय."

परीक्षक चैत्र संपता संपता आले. पुण्याचे प्राध्यापक, किडकिडीत, सभ्य, उन्हानं हैराण झालेले. ओसरीवर टेबल मांडलं. लेखी परीक्षा त्यानं चांगली दिली होती. आता तोंडी. टेबलावर मास्तरांची पानं दोऱ्यानं शिवून ठेवलेली. मास्तर भिंतीला टेकून खुर्चीवर, मी दाराशी.

परीक्षकांनी सोप्यापासून सुरुवात केली. बरोबर उत्तरं आली. मग ते म्हणाले, "मर्यादा म्हणजे काय?"

त्यानं मास्तरांकडे बघितलं. माझ्याकडे नाही, मास्तरांकडे. मग सरळ उभा राहून त्यानं पुस्तकातली व्याख्या शब्दन् शब्द म्हटली. परंतु जिला कधीही पोचत नाही, तिथपर्यंत.

"कधीही नाही?"

"न्हाय साहेब."

"बरं. चौकोनाची बाजू दोनच्या जवळ गेली तर क्षेत्रफळाची मर्यादा?"

"चार."

"बाजू दोन असता क्षेत्रफळ?"

"चार."

"मग मर्यादेला पोचलं की. आत्ता तू काय म्हणालास?"

तो गप्प. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दाराशी दिसत होता. त्याला उत्तर येत होतं. ओळंबा येत होता, नेणं आणि येणं येत होतं, सगळं येत होतं. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, अगदी सबुरीनं. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

मी म्हटलं, "साहेब, त्याला येतं."

"बाई, परीक्षा त्याची आहे," परीक्षक म्हणाले. उद्धटपणे नाही. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते आपल्या हातांकडे बघत बसले होते.

परीक्षकांनी शेरा लिहिला, पाठांतर चांगलं, समज नाही. पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. मला वाटतं उघडलं असतं तर तो पास झाला असता आणि पुस्तक नापास. पण संध्याकाळी त्यांना रेवसहून बोट पकडायची होती.

ते गेल्यावर मी त्याला वाडीच्या फाटकाशी गाठलं. "का बोलला नाहीस? ओळंबा का सांगितला नाहीस?"

"मास्तर समोर बसले व्हते, बाई."

"मग?"

"त्यांच्या म्होरं त्यांच्या पुस्तकाला खोटं कसं म्हनू? त्यांनी मना हाताला धरून अक्षर शिकवलंय." त्यानं फाटकाची कडी काढली. "एकदा पोचत न्हाय म्हटलं, मंग पोचतंय कसं म्हनायचं?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. तो निघून गेला आणि मी तिथेच फाटकाला धरून रडले, वाडीतली माणसं बघत असताना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं, "त्याला समजलं नव्हतं का हो, बाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्या माणसाला झोप लागली असती. पण मग तो मुलगा कायमचा ढ ठरला असता, आणि ते मला सहन होणार नव्हतं. मी सांगितलं, "समजलं होतं. तुमच्या-माझ्याइतकं. तुम्ही समोर होतात म्हणून तो बोलला नाही."

त्यांचा चेहरा मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

वर्ग बंद झाला. चालकांनी एका सभेत उरकून टाकलं. पावसाळाभर मास्तर खोलीतून फारसे बाहेर पडले नाहीत. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा ते माळ्यावरची पानं खाली काढून बसलेले असत. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर 'परंतु जिला कधीही पोचत नाही' एवढ्या ओळीवर ते दौतीतल्या शाईनं रेघ मारत आणि समासात बारीक अक्षरांत नवे शब्द लिहीत. मी म्हटलं, "मास्तर, आता कुणासाठी?" त्यांनी वाळायला ठेवलेल्या पानांवर पाय पडू नये म्हणून मला वळसा घालून जायला सांगितलं.

नारळी पौर्णिमा झाली आणि मचवे पुन्हा बाहेर पडायला लागले. एका सकाळी मास्तर माझ्या दाराशी आले, अंगात कोट, हातात काठी. म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर बंदरावर येता का?" त्यांना कोळीवाड्यात गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वाळत घातलेल्या जवळ्याचा वास, जाळी, पोरं, सगळ्यांतून ते धोतराचा सोगा सावरत चालले. बायका पदर सावरून बाजूला झाल्या.

तो मचव्यात जाळं भरत होता. आम्हाला बघून पाण्यात उडी मारून आला, गुडघाभर ओला. चुलता वरून म्हणाला, पाणी सुटलंय, ओहोटी लागली, लवकर कर.

मास्तरांनी कोटाच्या खिशातून एक छापलेलं पान काढलं, रेघ मारलेलं, आणि त्याच्यापुढे धरलं. त्याचे हात ओले होते, त्यानं ते घेतलं नाही, नुसतं वाचलं. मास्तर म्हणाले, "त्या दिवशी जे बोलायचं होतंस ते आता माझ्यासमोर बोल. मर्यादेला पोचते की पोचत नाही?"

तो माझ्याकडे बघू लागला. मग त्यांच्याकडे.

"पोचते, मास्तर," तो म्हणाला. "ओलांडते पन. जवळ ऱ्हायली पायजे, बस."

मास्तरांनी मान हलवली. पानाची घडी करून त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवलं. वरून चुलत्यानं पुन्हा हाक मारली. तो मास्तरांच्या पायाशी वाकला, पण ओले हात धोतराला लावायचे नाहीत म्हणून नुसती वाळू शिवली, आणि पाण्यात शिरून मचव्याला खांदा लावला.